'ओला'च्या विरुद्ध 'सुका' लिहिलं तर चूक कशी? पेपर काढणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीचे पेपर काढणारे, वर्कबुकं लिहिणारे आणि उत्तरसूची बनवणारे सगळे सर आणि मॅडम,

स.न.वि.वि.

पत्र लांब होणारे, आधीच सांगून ठेवते. विषय म्हटलं तर अर्ध्या मार्काचा आहे. माझा मुलगा पाचवीत आहे, त्याच्या चाचणीत 'विरुद्धार्थी शब्द लिहा' मध्ये 'ओला' आला होता, त्याने 'सुका' लिहिलं, आणि त्यावर लाल फुली. बाजूला बरोबर उत्तर लिहिलेलं, 'कोरडा'. मी त्याला विचारलं की तू सुका का लिहिलंस, तर म्हणे मला नारळ आठवला. आता यावर काय बोलणार. नारळ आठवला तर सुकाच येणार ना, कोरडा नारळ कोण म्हणतं?

बाईंना भेटले. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. त्या म्हणाल्या, मलाही सुका पटतं हो, पण उत्तरसूचीत कोरडा दिलंय आणि सगळ्या तुकड्यांना एकच लावायचं असतं. ठीक आहे. मग घरी येऊन पेपर नीट बघितला तर मागच्या पानावर 'म्हणी पूर्ण करा' होतं आणि त्यात दुसऱ्या क्रमांकाची म्हण होती, 'सुक्याबरोबर _____ही जळते'. पोराने 'ओले' लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क! म्हणजे एकाच पेपरात मागच्या पानावर सुका हा ओल्याचा उलटा शब्द आहे आणि पुढच्या पानावर नाही. मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासते, म्हणून असलं काही दिसलं की डोक्यात किडा वळवळत राहतो, आणि त्यातूनच हे पत्र.

तर आधी 'ओला'बद्दलच बोलूया, कारण या एका शब्दात सगळी गंमत आहे.

मराठीत ओल्याच्या समोर उभे राहणारे निदान तीन शब्द आहेत, कोरडा, सुका आणि वाळलेला. तिघांचा अर्थ एकच वाटतो पण तुम्ही कुठल्याही आजीला विचारा, ती एकाच्या जागी दुसरा वापरणार नाही. दोरीवरचे कपडे वाळले का असं आपण विचारतो. तेच कपडे पावसात न भिजता घरी आले तर ते कोरडे राहिले, वाळले नाहीत, कारण वाळायला आधी ओलं असावं लागतं. कोरडं म्हणजे आत्ता या क्षणी पाणी नाही एवढंच, आधी होतं की नव्हतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कोऱ्या कागदाला आपण कोरडाच म्हणतो, वाळलेला म्हणत नाही. आणि सुकं हे या दोघांपेक्षा वेगळं, सुकं म्हटलं की बहुतेक वेळा तो त्या वस्तूचा एक प्रकार होतो, जात होते. सुकं खोबरं, सुकी मासळी, सुका मेवा, सुकी भेळ. सुकी भेळ काही वाळत घातलेली नसते, तिच्यात चटण्यांचं पाणी घातलेलं नसतं आणि तो भेळेचा वेगळा प्रकार आहे, गाडीवाल्याला 'एक कोरडी' म्हणून बघा, तो तुमच्याकडे बघत राहील.

आता ओला तरी एकच आहे का? तोही नाही. ओला टॉवेल म्हणजे पाण्याने भिजलेला. पण भुईमुगाच्या ओल्या शेंगा भिजवलेल्या नसतात, त्या नुकत्या शेतातून उपटलेल्या असतात. ओली हळद, ओले काजू, ओला नारळ, सगळं तसंच, ओलं म्हणजे अजून आतला रस न गेलेलं. ओली जखम म्हणजे न भरलेली, तिच्या उलट कोरडी जखम म्हणत नाही, सुकलेली किंवा भरलेली जखम म्हणतो. ओली बाळंतीण म्हणजे नुकतीच बाळंत झालेली, तिच्या उलट काय लिहायचं? काहीच नाही. तिथे विरुद्धार्थी शब्दाची जागाच रिकामी आहे आणि भाषेला त्याची काही अडचण वाटत नाही.

उलट्या बाजूने आलं तर अजून मजा. कोरडी विहीर, पण ओली विहीर कुणी ऐकलीय? विहिरीला पाणी आहे असं म्हणतो. कोरडं बोलणं असतं, ओलं बोलणं नसतं, पण बोलण्यात ओलावा असतो! म्हणजे विशेषणाला जोडी नाही आणि नामाला आहे. ही अशी अर्धवट जुळलेली जोडी तुमच्या दोन रकान्यांत कशी बसवणार? दुष्काळ बघा, ओला आणि कोरडा दोन्ही असतात, एकात जास्त पावसाने पीक कुजतं आणि दुसऱ्यात पावसाअभावी करपतं, पण शेतकऱ्याच्या हातात दोन्हीकडे काहीच येत नाही, म्हणजे विशेषणं उलटी आणि परिणाम एकच. आणि शेतीचाच विषय निघालाय तर कोरडवाहू जमीन. तिच्या समोर ओलवाहू नाही येत, बागायती येते, किंवा ओलिताची येते. तिथे कोरडं-ओलं हे मातीला हात लावून ठरत नाही, पिकाला पाणी कुठून मिळतं यावर ठरतं. भर पावसात चिखल झालेली कोरडवाहू जमीनही कोरडवाहूच.

(जाता जाता, आमच्याकडे भाकरीबरोबरच्या कालवणाला कोरड्यास म्हणतात. जो पदार्थ भाकरी ओली करायला करायचा त्याच्याच नावात कोरडं. हे मी मुलाला सांगितलं नाही, आधीच तो वैतागलेला होता.)

मला सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र कचऱ्याचं आहे कारण ते मुलांना रोज दिसतं. कचरा वेगळा करायचा नियम देशभर 2016 च्या घनकचरा नियमांपासून जास्त कानावर यायला लागला आणि मराठीत त्याला नावं पडली ओला कचरा आणि सुका कचरा. आता बघा, कांद्याची सालं. हातात घेतली तर कुरकुरीत, एकदम कोरडी, पण ती जातात ओल्या कचऱ्यात. आणि तळाशी दोन घोट पाणी राहिलेली प्लास्टिकची बाटली जाते सुक्यात. तिथे ओला म्हणजे कुजणारा आणि सुका म्हणजे न कुजणारा, पाण्याचा संबंधच सुटला. दुसरीतलं मूलसुद्धा हे बरोब्बर करतं, त्याला कुणी व्याख्या शिकवलेली नसते, त्याने शब्द आख्ख्या वापरासकट उचललेला असतो. मग तेच मूल पेपरात बसतं आणि आपण त्याच्यासमोर नुसता 'ओला' ठेवतो, मागेपुढे काही नाही, नारळ नाही, टॉवेल नाही, कचरा नाही, आणि म्हणतो उलटं सांग. कशाच्या उलटं?

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. मराठीत विरुद्धार्थ शब्दाला चिकटलेला नसतो, तो शब्द ज्या नामाबरोबर आलाय त्या जोडगोळीला असतो. कच्चा आंबा × पिकलेला आंबा, कच्चा भात × शिजलेला भात, कच्चा रस्ता × पक्का रस्ता, आणि खेळातला कच्चा लिंबू, त्याला तर कुणी पक्का लिंबू म्हणून विरुद्ध उभा करत नाही. पातळ कापडाच्या उलट जाड आणि पातळ आमटीच्या उलट घट्ट. भेंडी कोवळी नसेल तर जून, ऊन कोवळं नसेल तर कडक, आणि वय कोवळं नसेल तर... जाणतं? असे शब्द तुम्ही नुसते देता आणि एकच उत्तर बरोबर धरता.

आता तुम्ही म्हणाल की सगळेच शब्द काही असे घसरडे नसतात. मान्य. काही जोड्या पक्क्या असतात. सम × विषम घ्या, पूर्णांक संख्या एकतर सम असते नाहीतर विषम, मध्ये जागाच नाही. पास × नापास तसंच. पण अशा जोड्या मोजक्या. बाकीच्या बहुतेक जोड्या गरम × गार सारख्या असतात, दोन टोकं आणि मध्ये भलामोठा पट्टा, त्यात कोमट बसलाय. ओळखायची सोपी युक्ती सांगते, मी मुलाबरोबर खेळ म्हणून करते. 'ना हे ना ते' लावून बघायचं. 'पाणी ना गरम ना गार' चालतं. 'संख्या ना सम ना विषम' म्हटलं की कान टवकारतात, हे शक्यच नाही. दुसरी युक्ती 'जास्त' लावायची, जास्त गरम होतं, जास्त विषम होत नाही. या दोन प्रश्नांनी पाचवीतलं पोर जोडीचा प्रकार ओळखतं, त्याला कुठलीही अवघड संज्ञा पाठ करावी लागत नाही. आणि मग त्याला हेही कळतं की 'श्रीमंत नाही' म्हणजे 'गरीब' असं नाही. हे कळणं नुसत्या शब्दजोडीपेक्षा किती उपयोगाचं आहे, मोठी माणसं सुद्धा भांडताना इथेच घसरतात, तू माझ्या बाजूने नाहीस म्हणजे माझ्या विरुद्ध आहेस वगैरे.

तिसरा प्रकार गुरू × शिष्य, नवरा × बायको वाला. हे एकमेकांच्या उलटे नाहीतच, ही दोन माणसांमधल्या नात्याची दोन टोकं आहेत, एक असल्याशिवाय दुसरं नाही. चालवून घेऊ, पण मग तेच मूल पुढे वरच्या वर्गात वृत्तं शिकतं आणि तिथे गुरूच्या समोर लघू येतो, तेव्हा त्याला वाटतं आधी शिकलेलं चुकलं. चुकलं काहीच नाही, गुरू हा एक माणूस आहे आणि एक मात्रांचं वजन आहे. राजा × राणी तर मला विरुद्धार्थी म्हणून अजिबात पटत नाही, तो लिंगबदल आहे. राजा × रंक म्हटलं की ते पैशाचं आणि सत्तेचं उलटं झालं. राजा × प्रजा म्हटलं की नातं झालं. तीन उत्तरं, तिन्ही शब्दशः बरोबर आणि मुलाने नेमकं कुठलं लिहायचं हे त्याने उत्तरसूची काढणाऱ्याच्या मनात शिरून ओळखायचं.

विरुद्धार्थी एवढं पुरे. समानार्थीवर येते, तिथे मला राग कमी आणि हसू जास्त येतं.

डोळे = नयन = नेत्र = लोचन = चक्षू. ही यादी आपण सगळ्यांनी पाठ केलीय. ती कुठून आली हे बहुतेक मुलांना (आणि पालकांना) कुणी सांगत नाही. संस्कृतात अमरसिंहाचा अमरकोश आहे, तो आख्खा पद्यात आहे, पाठ करता यावा म्हणून. त्यात एका वस्तूची नावं ओळीने गुंफलेली असतात, डोळ्यासाठी लोचन, नयन, नेत्र, ईक्षण, चक्षू, अक्षी असं एका झटक्यात येतं. कवीला याचा उपयोग होता, वृत्तात कधी तीन अक्षरांचा शब्द लागतो, कधी दोन अक्षरांचा, कधी पहिलं अक्षर लघू हवं कधी गुरू, तर असा साठा तयार असला की बरं पडतं. आपल्या समानार्थी याद्यांचं वळण त्याच घराण्यातलं आहे. फक्त तिकडे पद्य रचायचं होतं आणि इकडे पाचवीच्या मुलाने 'वाक्यात उपयोग करा' करायचंय.

मग तो करतो. 'माझे नयन आले म्हणून मी शाळेत गेलो नाही.' हसू नका, यादीत समानार्थी लिहिलंय ना? मग डोळे येऊ शकतात तर नयन का नाही?

कारण मराठीने हे सगळे शब्द घेतले पण प्रत्येकाला वेगळ्या खोलीत ठेवलं. नेत्र गेला दवाखान्यात आणि सरकारी कागदावर, नेत्रदान, नेत्रचिकित्सा, नेत्रतज्ज्ञ. डोळेदान कुणी म्हणत नाही. नयन गेला कवितेत आणि निसर्गवर्णनात, नयनरम्य देखावा. लोचन मुख्यतः जुन्या कवितेत आणि माणसांच्या नावांत उरला, सुलोचना, त्रिलोचन. चक्षू म्हटलं की पुढे बहुतेक वेळा ज्ञान किंवा अंतः असं काहीतरी लागलेलं असतं, ज्ञानचक्षू, अंतःचक्षू, त्याने कुणी टीव्ही बघत नाही. आणि बाकीचा सगळा संसार एकट्या डोळ्याच्या गळ्यात. डोळे येतात, डोळा लागतो, डोळे वटारतात, डोळेझाक करतात, कुणाच्या तरी पैशावर डोळा असतो, बटाट्याला डोळे फुटतात, नारळाला तीन डोळे असतात, मोराच्या पिसावर डोळा असतो. यातल्या एकाही ठिकाणी नेत्र-नयन घालून बघा. म्हणजे बटाट्याचे नयन. हं.

तर मग हे शब्द समान आहेत का? वस्तू एकच दाखवतात हे खरं. पण ज्या वाक्यात एक बसतो त्या वाक्यात दुसरा बसतोच असं नाही, आणि तो बसतो का हे बघणं हीच खरी परीक्षा आहे. आम्ही मुद्रितशोधक हेच करतो, लेखकाने एकाच परिच्छेदात डोळे तीनदा लिहिले म्हणून कुणी मधलं 'नेत्र' करून ठेवतो तेव्हा ते वाक्य लगेच आजारी पडल्यासारखं दिसतं. मुलांना हीच युक्ती द्या, एक शब्द उचल, तीन वेगळ्या वाक्यांत टाक, तिन्हीत खपला तर तो जवळचा समानार्थी, एकातच खपला तर दूरचा नातेवाईक. माझ्या मुलाने 'आई'ची यादी अशी तपासली, माता, जननी, माय, जन्मदात्री. 'जननी, डबा दे' म्हणून दिवसभर छळलं मला, ते सोडा. पण जन्मदात्रीपाशी तो थांबला आणि म्हणाला, वर्गातल्या एका मुलाला त्याच्या आईबाबांनी दत्तक घेतलंय, मग त्याची आई त्याची जन्मदात्री नाही ना, पण आई तर आहे. मी गप्प बसले. यादीत मात्र बरोबरचं चिन्ह होतं.

डोळ्यांवरून अजून एक, आणि हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय कारण हे मुलांचं नाही, आपल्या मोठ्यांचं घसरणं आहे. 'अ' लावला की उलटा शब्द तयार, हा नियम तुम्ही सगळीकडे देता. योग्य × अयोग्य, शक्य × अशक्य, छान चालतं. आता परोक्ष घ्या. यात तोच अक्षी, डोळा, बसलाय. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडे, नजरेआड, म्हणजे माणूस हजर नसताना. मग अपरोक्ष म्हणजे काय झालं? नजरेआड नसलेलं, म्हणजे समोर, समक्ष. व्युत्पत्तीने हेच निघतं, संस्कृतात अपरोक्षचा अर्थही हाच. पण मराठीत आपण काय म्हणतो? 'माझ्या अपरोक्ष त्यांनी हा निर्णय घेतला.' म्हणजे मी नसताना. अ लागला आणि अर्थ उलटायच्या ऐवजी जिथल्या तिथे राहिला, परोक्ष आणि अपरोक्ष बोलण्यात एकच झाले! आता सांगा, पेपरात परोक्षच्या समोर मुलाने अपरोक्ष लिहिलं तर काय द्याल? व्याकरणाने पैकीच्या पैकी, पण घरीदारी तो जे मराठी ऐकतो त्यात हे दोन समानार्थी आहेत. मी स्वतः मुद्रितात अपरोक्ष आला की लेखकाला फोन करून विचारते, समोर म्हणायचंय की पाठीमागे? एकदा एका मृत्युपत्राच्या मसुद्यात हा शब्द आला होता, तिथे तर मी काढायलाच लावला, उद्या त्यावरून दोन भाऊ भांडले असते.

आणि मूल्य × अमूल्य. अमूल्य म्हणजे ज्याला किंमत नाही असं नाही, ज्याची किंमतच करता येत नाही इतकं मोठं. एका वर्कबुकात ही जोडी मी डोळ्यांनी (नेत्रांनी नव्हे) बघितलीय. मूल्यच्या उलट अमूल्य शिकलेलं मूल 'शिक्षकांचे अमूल्य मार्गदर्शन' वाचून काय समजेल, विचार करा. घोर आणि अघोरचंही तेच, 'अ' असूनही अघोरी म्हटलं की मराठी माणसाच्या अंगावर काटाच येतो.

आता तुमची अडचण मला माहीत आहे. पेपर शेकड्याने असतात, तपासणाऱ्यांना वेळ नसतो, उत्तर एकच असलं की तपासणी सारखी होते, वादावादी नको. पण मजा अशी की नुसता शब्द दिल्यानेच उत्तरं जास्त होतात! तुम्ही शब्दाला त्याचं नाम जोडून दिलंत की उत्तरसूची उलट आवळते. माझ्या मुलाचा प्रश्न असा आला असता तर:

ओला नारळ × _____ नारळ
ओला दुष्काळ × _____ दुष्काळ
ओली जखम × _____ जखम
कोरडवाहू जमीन × _____ जमीन

पहिल्याला सुका. दुसऱ्याला कोरडा, कुणी सुका लिहिलं तर तेही घ्या कारण तसंही म्हटलं जातं. तिसऱ्याला सुकलेली किंवा भरलेली. चौथ्याला बागायती किंवा ओलिताची. उत्तरसूचीत प्रत्येकासमोर फार तर दोन शब्द, तपासायला वेळ तेवढाच, आणि पोराने नारळ आठवून लिहिलं की दुष्काळ आठवून हा वादच संपला कारण काय आठवायचं ते तुम्हीच दिलंय. टॉवेल मात्र टाळा, ओल्या टॉवेलला कोरडा, सुका, वाळलेला तिन्ही चालतात, तिथे पुन्हा फुल्या सुरू होतील.

समानार्थीचं अजून सोपं. जोड्या लावा ऐवजी एक वाक्य द्या आणि कंसात तीन शब्द. 'मरणोत्तर _____दान करण्याचा अर्ज आजोबांनी भरला. (डोळे, नेत्र, नयन)' 'अभ्यास करता करता त्याचा _____ लागला. (डोळा, नेत्र, चक्षू)' इथे एकच उत्तर आहे आणि ते उत्तर मुलाच्या कानाला माहीत आहे. ज्या मुलाच्या घरी मराठी कमी बोललं जातं त्याला हे जरा अवघड जाईल, खरं आहे, पण त्यालाही नुसत्या यादीतून भाषा येत नाहीच, यादीतून 'नयन आले' येतं.

आणि एक छोटी गोष्ट, हे उद्यापासून करता येईल, पेपर बदलायची गरज नाही. उत्तरसूचीच्या खाली एक ओळ टाका: 'दिलेला शब्द एखाद्या नेहमीच्या वापरात बसत असल्यास ग्राह्य धरावा.' आमच्या बाईंना तेवढी एक ओळ हवी होती, त्यांना स्वतःच्या मनाने तो अर्धा मार्क देता येत नव्हता.

मुलाला तो अर्धा मार्क परत मिळालेला नाही, आणि आता त्याला त्याचं काही वाटतही नाही. मात्र त्याने वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी सुरू केलीय, 'ज्यांना उलटं नाही असे शब्द'. पहिला आहे ओली बाळंतीण, ते माझ्याकडून गेलं. दुसरा त्याने स्वतः लिहिलाय, कच्चा लिंबू. तिसऱ्या ओळीवर नुसता 'गृहपाठ' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. तुमच्याकडे असलं उत्तर तर कळवा.

आपली,
एक मुद्रितशोधक आणि पाचवीतल्या मुलाची आई